दहा हॉर्सपॉवरमधली गळती

आमच्या गल्लीच्या टोकाला पिठाची गिरणी आहे. गिरणीवाल्या काकांनी एका संध्याकाळी मला हाताला धरून आत नेलं आणि मोटरच्या अंगावर हात ठेवायला सांगितलं. मी ठेवला आणि लगेच काढून घेतला. महिन्याभरापूर्वी ही मोटर जळाली होती आणि रिवाइंडिंग करून परत आली होती. तेव्हापासून ती अशीच तापत होती. "सर, करंट बघा ना, बरोबर आहे. वायरमनने दोनदा टाँग टेस्टर लावून बघितलं. वाइंडिंगवाला म्हणतो, मोटरला काही झालेलं नाही, तुमचा लोडच जास्त असेल. पण चक्की तीच, दळण तेच. मग लोड जास्त कुठून येईल?"

मी पॉलिटेक्निकमध्ये विद्युत यंत्रांची प्रयोगशाळा सांभाळतो. काकांचा प्रश्न मला रास्त वाटला आणि तो टाँग टेस्टरने सुटणार नाही हेही कळत होतं. मोटर बाहेरून हाताला सारखीच गरम लागते, पण ती उष्णता आत चार वेगवेगळ्या ठिकाणी तयार होत असते. कुठल्या ठिकाणी किती, हे वेगळं काढल्याशिवाय दोष मोटरचा, वाइंडिंगचा की चक्कीचा हे सांगता येत नाही. सुदैवाने ते वेगळं काढता येतं. त्यासाठी मोटर फोडावी लागत नाही. मोजायला थोडी साधनं आणि एक सुट्टीचा दिवस पुरतो.

मोटरची नेमप्लेट अशी होती: ७.५ किलोवॅट, म्हणजे १० हॉर्सपॉवर. ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झ, तीन फेज, १४.४ अँपिअर. नेमप्लेटवरचे ७.५ किलोवॅट हे शाफ्टवर मिळणारे असतात, मीटरवर पडणारे नव्हेत, हे अनेकांच्या ध्यानात नसतं. शाफ्टवर ७,५०० वॅट हवे असतील तर तारेतून त्याहून हजार-बाराशे वॅट जास्त आत जावे लागतात. जास्तीचे ते वॅट मुक्कामाला पोचत नाहीत, वाटेतच उष्णता होऊन जातात. काकांच्या तक्रारीचं उत्तर त्याच वाटेवर होतं, म्हणून आधी वाट समजून घेऊ.

वीज टर्मिनल बॉक्समधून स्टेटरच्या कॉइलमध्ये शिरते. स्टेटर म्हणजे मोटरचा स्थिर भाग: आतल्या बाजूने खाचा पाडलेलं लोखंडी नळकांडं आणि त्या खाचांमध्ये बसवलेली तांब्याची वाइंडिंग. तांब्याला थोडा का होईना रेझिस्टन्स असतो. करंट वाहिला की तो तापतो. हा पहिला लॉस, स्टेटर कॉपर लॉस. तो करंटच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे करंट दुप्पट झाला तर लॉस चौपट होतो.

या करंटमुळे स्टेटरच्या लोखंडात चुंबकत्व तयार होतं आणि तीन फेजच्या मेळाने ते पोकळीत गोल फिरू लागतं. चार पोलच्या मोटरमध्ये, ५० हर्ट्झला, मिनिटाला बरोबर १,५०० फेरे. लोखंडाच्या प्रत्येक कणाला सेकंदाला पन्नास वेळा आपलं चुंबकत्व उलटसुलट करावं लागतं आणि त्यात लोखंड स्वतः तापतं. शिवाय बदलत्या चुंबकत्वामुळे लोखंडाच्या आतच भोवऱ्यासारखे करंट फिरायला लागतात. ते अडवण्यासाठी स्टेटर एकसंध ओतत नाहीत. साधारण अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या सिलिकॉन स्टीलच्या पत्र्या एकावर एक रचतात आणि प्रत्येक पत्रीवर विद्युतरोधक थर असतो. भोवरा एका पत्रीतच अडकून पडतो, शेजारच्या पत्रीत जाऊ शकत नाही. तरीही जी उष्णता होते तो दुसरा लॉस, कोअर लॉस. हा पातळ थर लक्षात ठेवा, पुढे सगळी गोष्ट त्याच्यापाशी येऊन थांबते.

हे दोन हिस्से वजा झाल्यावर उरलेली शक्ती स्टेटर आणि रोटर यांच्यामधली हवेची फट ओलांडते. ही फट मिलिमीटरच्या काही दशांशांचीच असते. पलीकडे रोटर असतो, तोही पत्र्यांचाच, पण त्याच्या खाचांमध्ये ॲल्युमिनिअमचे दांडे ओतलेले असतात आणि दोन्ही टोकांना ते कड्यांनी जोडलेले असतात. रोटरला बाहेरून एकही तार जात नाही. फिरतं चुंबकत्व दांड्यांना कापून जातं, त्यांच्यात करंट निर्माण होतो आणि रोटर त्या चुंबकत्वाच्या मागे फिरू लागतो.

इथे या मोटरची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट येते. रोटर त्या चुंबकत्वाला कधीच गाठू शकत नाही. गाठलं तर दोघांमध्ये फरक उरणार नाही, दांडे कापले जाणार नाहीत, करंट थांबेल आणि ओढही थांबेल. म्हणून तो नेहमी थोडा मागे असतो. काकांची मोटर दळण दळताना १,४४६ फेरे फिरत होती. चुंबकत्व १,५००, रोटर १,४४६, मागे पडला ५४ फेरे. ५४ भागिले १,५०० म्हणजे ३.६ टक्के, याला स्लिप म्हणतात.

आता फटीकडे पाहा. फिरतं चुंबकत्व रोटरला जेवढ्या पिळाने, म्हणजे टॉर्कने, ओढतं, तेवढाच टॉर्क रोटरला मिळतो. फटीत टॉर्क हरवायला जागाच नाही. पण शक्ती म्हणजे टॉर्क गुणिले वेग. देणारा १,५०० च्या वेगाने देतो आणि घेणारा १,४४६ च्या वेगाने घेतो. टॉर्क तोच, वेग कमी, म्हणजे १०० वॅट फट ओलांडून आले तर त्यातले ९६.४ वॅटच फिरण्याच्या रूपात मिळतात. उरलेले ३.६ वॅट दांड्यांमध्ये उष्णता होतात. हा तिसरा लॉस. दांडे ॲल्युमिनिअमचे असले तरी त्याला रोटर कॉपर लॉसच म्हणतात, जुन्या काळापासून चालत आलेलं नाव आहे. या हिशेबात रोटरचा रेझिस्टन्स मोजावा लागत नाही, आणि मोजायचा म्हटलं तरी रोटरला मीटर लावायला टर्मिनल नसतंच. नुसता वेग मोजला की रोटरच्या आतली उष्णता कळते.

याचमुळे पट्टा अडकून मोटर गुरगुरत उभी राहिली तर स्लिप शंभर टक्के होते आणि फट ओलांडून आलेला प्रत्येक वॅट रोटरमध्ये उष्णता होतो. अशी मोटर मिनिटभर जरी तशीच ठेवली तरी तिचं आयुष्य घटतं. आणि संध्याकाळी फीडरवर व्होल्टेज पडलं तर काय होतं तेही यातून दिसतं. ४१५ च्या जागी ३४० व्होल्ट आले की तेवढाच टॉर्क द्यायला मोटरला स्लिप जवळजवळ दीडपट करावी लागते, आणि रोटरमधली उष्णताही त्याच मापाने वाढते. वेग थोडासाच उतरतो, तो कोणाला जाणवतही नाही. शेतपंपाच्या मोटरी अशा व्होल्टेजवर वर्षानुवर्षं चालतात.

रोटरच्या लोखंडात कोअर लॉस होत नाही का? होतो, पण नगण्य. रोटर जवळजवळ चुंबकत्वाच्याच वेगाने पळत असतो, म्हणून त्याच्या लोखंडाला सेकंदाला पन्नास नव्हे तर ५० च्या ३.६ टक्के, म्हणजे पावणेदोन-दोन वेळाच चुंबकत्व बदलावं लागतं. म्हणून कोअर लॉस म्हटलं की तो स्टेटरचाच समजायचा.

राहिला चौथा लॉस: बेअरिंगचं घर्षण आणि मागच्या पंख्याला हवा ढकलायला लागणारी शक्ती. तो वजा केला की उरतं ते शाफ्टवर, आणि तिथून पट्ट्यावर.

एका रविवारी काकांनी पट्टा उतरवला, मोटर टेम्पोत घालून आमच्या प्रयोगशाळेत आणली आणि आम्ही मोजायला बसलो.

पहिलं काम रेझिस्टन्सचं. मोटर रात्रभर खोलीत ठेवून पूर्ण थंड झाली होती, खोलीचं तापमान ३० अंश होतं. टर्मिनलच्या तिन्ही जोड्यांमधला रेझिस्टन्स १.१२ ओहम आला, तिन्हीकडे सारखाच. तांब्याच्या बाबतीत वाइंडिंगवाल्याने प्रामाणिक काम केलं होतं. तार बारीक वापरली असती तर हा आकडा वर गेला असता, आणि एखाद्या फेजमध्ये फेरे कमीजास्त झाले असते तर तीन आकडे सारखे आले नसते.

या रेझिस्टन्सवरून कॉपर लॉस काढण्याची एक सोपी रीत आहे: दोन टर्मिनलमधला रेझिस्टन्स, गुणिले करंटचा वर्ग, गुणिले दीड. वाइंडिंग आत स्टार जोडलेली आहे की डेल्टा, हे पाहायची गरज नाही, दोन्हीकडे उत्तर तेच येतं.

मग मोटर मोकळी फिरवली. शाफ्टवर पट्टा नाही, काही नाही. ४१५ व्होल्टला अर्धा तास चालू दिली, म्हणजे बेअरिंगचं ग्रीस स्थिरावतं. करंट ६ अँपिअर. वॅट मोजायला दोन वॅटमीटर लावले होते, त्यातल्या एकाचा काटा उलटा गेला. काका घाबरले, पण मोकळ्या मोटरवर असं व्हायलाच हवं. तिचा बहुतेक करंट नुसतं चुंबकत्व उभं करण्यात जातो, पॉवर फॅक्टर अर्ध्यापेक्षा कितीतरी खाली असतो आणि अशा वेळी दोनपैकी एक वॅटमीटर उणे दाखवतो. त्याची जोडणी उलटून वाचायचं आणि तो आकडा दुसऱ्यातून वजा करायचा. नवखा माणूस इथे बेरीज करतो आणि पुढचं सगळं चुकतं. वजाबाकी करून आले ६१९ वॅट.

आता हे ६१९ वॅट जातात कुठे? शाफ्टवर काही काम नाही, म्हणजे सगळे लॉसच. रोटर जवळजवळ पूर्ण वेगाने फिरतोय, स्लिप नाहीच, म्हणून रोटर कॉपर लॉसही नाही. उरले तीन: स्टेटर कॉपर, कोअर आणि घर्षण. मोटर थांबवून लगेच रेझिस्टन्स पुन्हा मोजला, थोडी गरम झाल्याने तो १.२ ओहम झाला होता. सहाचा वर्ग ३६, गुणिले १.२, गुणिले दीड, म्हणजे ६५ वॅट तांब्यात. ६१९ मधून ६५ गेले, राहिले ५५४. हे कोअर आणि घर्षण यांचे मिळून.

या दोघांना वेगळं कसं करायचं? दोघांचा स्वभाव वेगळा आहे. घर्षणाला व्होल्टेजशी देणंघेणं नाही, ते फक्त वेगावर ठरतं. कोअर लॉस मात्र व्होल्टेजवर चालतो, साधारण त्याच्या वर्गाने. म्हणून व्हेरिॲकने व्होल्टेज अर्धं केलं, २०७ व्होल्ट. मोकळी मोटर अर्ध्या व्होल्टेजलाही जवळजवळ त्याच वेगाने फिरत राहते, तेव्हा घर्षण होतं तेवढंच राहिलं. कोअर लॉस चौथाईवर आला. वॅटमीटरवर आले २०९, त्यातले १२ तांब्याचे, उरले १९७.

पूर्ण व्होल्टेजला ५५४ आणि अर्ध्याला १९७. फरक ३५७. घर्षण दोन्हीकडे सारखंच, म्हणून हा फरक सगळा कोअरचा, आणि तो कोअर लॉसच्या तीन चतुर्थांश आहे. म्हणजे पूर्ण कोअर लॉस ४७६ वॅट आणि घर्षण ७८ वॅट. दोन मोजण्यांवर भिस्त ठेवू नये म्हणून मध्ये ३६०, ३०० आणि २५० व्होल्टलाही आकडे घेतले. व्होल्टेजचा वर्ग आडव्या रेषेवर आणि वॅट उभ्या रेषेवर मांडले तर सगळे बिंदू एका सरळ रेषेत आले, आणि ती रेषा मागे वाढवली तर शून्य व्होल्टला ७८ च्या जवळच जाऊन टेकली. अगदी कमी व्होल्टेजला मात्र जाऊ नये. तिथे वेग उतरायला लागतो, स्लिप वाढते आणि रेषा वर वाकते.

७८ वॅट घर्षण या आकाराच्या मोटरला योग्यच होतं, म्हणजे बेअरिंग आणि पंखा ठीक होते. ४७६ वॅट कोअर लॉस पाहून मात्र मी पेन खाली ठेवलं. आमच्या प्रयोगशाळेत याच बनावटीची, याच मापाची एक मोटर आहे, तिचा कोअर लॉस विद्यार्थी दरवर्षी काढतात. तो २०५ च्या आसपास येतो. काकांच्या मोटरचं लोखंड त्याच्या सव्वादोन पटींहून अधिक वीज पीत होतं.

इथे दोन शक्यता उभ्या राहतात. कोअर लॉस वाढायचं एक कारण म्हणजे वाइंडिंगमध्ये फेरे कमी घालणं. फेरे कमी असतील तर तेवढ्याच व्होल्टेजला लोखंडात चुंबकत्व जास्त उभं करावं लागतं आणि लोखंड जास्त तापतं. पण तसं असतं तर मोकळ्या मोटरचा करंटही चांगलाच वाढला असता, कारण तो करंट चुंबकत्वासाठीच लागतो. इथे करंट ६ अँपिअर, आमच्या मोटरचाही ६ च्याच जवळ. म्हणजे चुंबकत्व बरोबर आहे, फेरे बरोबर आहेत, बिघाड लोखंडातच.

टाँग टेस्टरला हे का दिसलं नाही तेही इथेच कळतं. जास्तीच्या २७१ वॅटसाठी लागणारा करंट जेमतेम ०.४ अँपिअर. तो चुंबकत्वाच्या करंटमध्ये सरळ मिळत नाही, दोघांच्या लहरी वेगवेगळ्या वेळी टोकाला पोचतात, त्यामुळे त्यांची बेरीज काटकोन त्रिकोणाच्या कर्णासारखी होते. लांब बाजूला छोटी बाजू काटकोनात जोडली तर कर्ण फारसा वाढत नाही. हिशेब केला तर मोकळ्या मोटरच्या करंटमध्ये फरक पडतो ०.०४ अँपिअर. पूर्ण लोडवर १४.४ च्या जागी १४.१ झाला असता. दिवसभरात व्होल्टेज पाच-दहा व्होल्टांनी हलतं, त्यात हा फरक बुडून जातो. वायरमनचं काही चुकलं नव्हतं. करंट मोजणारं साधन वॅट सांगू शकत नाही, एवढंच.

लोखंड बिघडतं कसं? जळालेली वाइंडिंग काढणं हे कष्टाचं काम आहे. वार्निश पिऊन घट्ट झालेल्या कॉइल खाचांमधून सहज निघत नाहीत. त्यासाठी एका बाजूची टोकं छाटून स्टेटर तापवतात, म्हणजे वार्निश जळून कॉइल सैल होते. नीट काम करणाऱ्यांकडे यासाठी भट्टी असते आणि तिचं तापमान साधारण ३६० अंशांच्या वर जाऊ देत नाहीत. पण अनेक ठिकाणी स्टेटर आडोशाला ठेवून, रॉकेल ओतून सरळ पेटवून देतात. उघड्या आगीत लोखंड कुठे किती तापतं यावर कोणाचा ताबा नसतो. पत्र्यांमधला तो पातळ थर जळून जातो, पत्री पत्रीला चिकटते आणि अडवून धरलेले भोवरे मोकळे सुटतात. कधी अडकलेल्या तारेसाठी खाचेत छिन्नी घालतात, कानस मारतात, तेव्हा पत्र्यांच्या कडा एकमेकींत मिसळतात. बाहेरून पाहिलं तर स्टेटर अगदी स्वच्छ दिसतो, वर नवं वार्निश चमकत असतं.

काकांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "हो, मी तिथेच उभा होतो. गिरणी बंद होती म्हणून लवकर द्या म्हणालो होतो. त्यांनी मागच्या अंगणात पेटवलं होतं."

खात्रीसाठी आम्ही रोटर बाहेर काढला. स्टेटरच्या पोकळीतून जाड केबल आत घेऊन बाहेरून वळवली आणि असे काही फेरे लोखंडाच्या कड्याभोवती घातले. त्या केबलला एवढंच व्होल्टेज दिलं की लोखंडात नेहमीच्या कामाएवढं चुंबकत्व उभं राहील. वाइंडिंगला काहीच जोडलेलं नव्हतं, त्यामुळे जे तापेल ते निव्वळ लोखंड. अर्ध्या तासाने आतून तापमान मोजत गेलो. निरोगी लोखंड चोहोबाजूंनी सारखं कोमट होतं. इथे वीतभर रुंदीचा एक पट्टा बाकीच्यापेक्षा पंचवीस अंशांनी जास्त तापला होता. दहा अंशांचा फरकही शंका घ्यायला पुरतो. स्टेटर आगीवर ज्या अंगाने टेकवला होता, ते अंग हेच असावं.

मोटर परत गिरणीवर बसवली आणि दळण चालू असताना शेवटचं मोजमाप घेतलं, म्हणजे पूर्ण वाट डोळ्यासमोर आली. पॉवर मीटरवर इनपुट ८,८९० वॅट, ४१५ व्होल्ट, १४.४ अँपिअर. वेग टॅकोमीटरने १,४४६. वेग मोजताना त्याच क्षणी फ्रीक्वेन्सीही वाचावी लागते. ग्रिड ५० ऐवजी ४९.९ हर्ट्झवर असेल तर चुंबकत्वाचा वेग १,५०० नसून १,४९७ असतो, आणि ५४ फेऱ्यांच्या फरकातले तीन फेरे चुकले तर रोटरचा आकडा पाच-सहा टक्क्यांनी चुकतो. त्या दुपारी मीटरवर ५०.० होते. दोन तास दळण झाल्यावर मोटर थांबवली आणि अर्ध्या मिनिटाच्या आत रेझिस्टन्स घेतला: १.४६ ओहम. थंडपणी १.१२ होता. तांब्याचा रेझिस्टन्स तापमानाबरोबर ठरलेल्या मापाने वाढतो, त्यावरून वाइंडिंगचं सरासरी तापमान ११० अंश निघालं, खोलीपेक्षा ८० ने जास्त. वाइंडिंगमध्ये काही दोष नसताना, शेजारचं लोखंड तिला भाजत होतं.

आता वजाबाकी. ८,८९० मधून स्टेटर कॉपरचे ४५४ आणि कोअरचे ४७६ गेले, फट ओलांडली ७,९६० वॅटनी. त्यांचे ३.६ टक्के, म्हणजे २८७ वॅट, रोटरच्या दांड्यांत. राहिले ७,६७३. घर्षणाचे ७८ गेल्यावर ७,५९५. याखेरीज काही फुटकळ लॉस असतात. खाचा आणि दांडे एकमेकांसमोरून जाताना चुंबकत्वात जी तरंगांची गडबड होते त्यातून ते येतात. ते थेट मोजायला मोठी यंत्रणा लागते. मी इनपुटच्या साधारण एक टक्का, ९५ वॅट धरले. या हिशेबात न मोजता धरलेला आकडा तेवढा हाच. शाफ्टवर उरले ७,५०० वॅट.

याचा अर्थ चक्की नेमप्लेटवर लिहिलेल्या १० हॉर्सपॉवरइतकंच काम मागत होती, त्याहून जास्त नाही. लोड जास्त असता तर तो वेगात दिसला असता. शाफ्टवर जास्त टॉर्क लागला की स्लिप वाढते, वेग १,४४६ वरून खाली येतो आणि रोटर कॉपर लॉस फुगतो. रोटरचा दांडा तुटला असता तर तेवढ्याच लोडला स्लिप वाढली असती, आणि करंटचा काटा संथ लयीत डोलला असता. तसं काही नव्हतं. चारपैकी तीन जागा आपापल्या मर्यादेत होत्या, एकच जागा दुपटीहून जास्त तापत होती.

कार्यक्षमता आली सुमारे ८४.४ टक्के. निरोगी लोखंड असतं तर ती ८७ च्या पुढे असती. काकांची गिरणी दिवसाला आठ तास, वर्षाला तीनशे दिवस चालते. २७१ वॅट गुणिले २,४०० तास म्हणजे ६५० युनिट दरवर्षी, आणि तेही एक दाणा जास्त न दळता. त्यावर वाइंडिंगचं आयुष्य घटतं ते वेगळं. इन्सुलेशनवाले जुना ठोकताळा सांगतात की दर दहा अंश जादा तापमानाला त्याचं आयुष्य निम्मं होतं.

काकांनी विचारलं, पुन्हा रिवाइंडिंग केलं तर? मी नको म्हणालो. बिघाड तांब्यात नाही, नवी कॉइल घातली तरी ती त्याच जळक्या लोखंडात बसणार. पत्र्या सुट्या करून, प्रत्येकीला थर देऊन पुन्हा रचता येतात, पण मोठ्या मोटरींसाठी ते परवडतं, दहा हॉर्सपॉवरसाठी नाही. आणखी एक मी मुद्दाम सांगितलं: जळालेली मोटर परत येते तेव्हा तिची बिनलोडची वॅट तपासून घ्या. करंट तपासण्याएवढाच वेळ लागतो, फक्त साधन वेगळं.

काकांनी पुढच्या महिन्यात नवी मोटर घेतली. गिरणीत बसवण्याआधी ते ती घेऊन माझ्याकडे आले. आम्ही तिला मोकळी फिरवून आकडे घेतले, आणि काकांनी टर्मिनल बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पांढऱ्या ऑइलपेंटने लिहून ठेवलं: मोकळी, ४१५ व्होल्ट, ५.९ अँपिअर, ३३५ वॅट. खाली थंड रेझिस्टन्स आणि तारीख.